सोलारचे पैसे किती वर्षांत सुटतात? बिल हातात घेऊन केलेला हिशोब



गेल्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपल्यावर एका गटाच्या सचिवताईंनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. छपरावर सोलार बसवून देणाऱ्या माणसाने दिलेलं कोटेशन होतं. तीन किलोवॅटचं सोलार, किंमत १,९५,००० रुपये, सरकारी अनुदान ७८,००० रुपये, म्हणजे घरातून जाणार १,१७,०००. खाली पेनाने लिहिलं होतं, "बिल शून्य. पाच वर्षांत पैसे वसूल. पुढची वीस वर्षं लाईट फुकट."

ताई म्हणाल्या, "मॅडम, हे खरं का? खरं असेल तर गटातून कर्ज उचलते."

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. एमएसडब्ल्यूच्या अभ्यासक्रमात लाईट बिल वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. मागच्या वर्षभराची बिलं, वही आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर घेऊन आम्ही दोघी बसलो. दोन तास गेले, पण त्यातून जे निघालं ते बऱ्याच जणींच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे मांडते.

आधी अनुदानाचं. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. तीनच्या पुढे कितीही मोठं बसवलं तरी ७८,००० च. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान कमी आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता वसुलीचा हिशोब तसा साधा वाटतो. खिशातून गेलेले पैसे भागिले दर महिन्याला वाचणारे पैसे, म्हणजे किती महिने ते निघतं. शेळी घेताना आपण हाच हिशोब करतो. अडचण आहे ती "दर महिन्याला वाचणारे पैसे" या शब्दांत. तिथे बहुतेक जण बिलाची अख्खी रक्कम लिहून मोकळे होतात.

म्हणून आम्ही ताईंचं बिल उलगडलं. घरात फ्रीज, तीन पंखे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर. उन्हाळ्यात वापर २२० युनिटपर्यंत जातो, थंडीत १४० वर येतो. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागलं तर सरासरी १८० युनिट आली. एका महिन्याच्या बिलावरून कधीच हिशोब करू नका. एजंट मे महिन्याचं बिल मागतो, कारण ते सगळ्यात फुगलेलं असतं. जुनी बिलं सांभाळून ठेवली नसतील तरी चालतं, महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो.

बिलात दोन प्रकारचे पैसे असतात. एक स्थिर आकार. तो तुम्ही एक युनिट वापरा नाहीतर दोनशे, द्यावाच लागतो. सोलार बसवल्यावरही तो येतच राहतो. ताईंना तो शुल्कासकट साधारण १५० रुपये पडतो. म्हणजे "बिल शून्य" हे पहिल्याच ओळीत खोडलं.

दुसरे पैसे युनिटचे. इथे एक गोष्ट आहे जी मलाही त्या दिवशी नीट उमगली. सगळ्या युनिटला एकच दर नसतो. पहिली १०० युनिट स्वस्त असतात. १०१ व्या युनिटपासून ३०० पर्यंत दर जवळपास दुप्पट होतो. वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क असं सगळं मिळवलं, तर ताईंच्या बिलात पहिली शंभर युनिट साधारण ७ रुपयांनी आणि त्यावरची साधारण १३ रुपयांनी पडत होती. हे दर बदलत असतात, तेव्हा माझे आकडे वापरू नका, तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या.

तर ताईंचं महिन्याचं बिल असं: १०० युनिटचे ७००, वरच्या ८० युनिटचे १,०४०, स्थिर आकार १५०. एकूण १,८९० रुपये.

सोलार किती वीज देतं? आपल्याकडे एक किलोवॅटचं सोलार चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं. पावसाळ्यात ढग आले की निम्म्यावरही येतं. वर्षाची सरासरी धरून महिन्याला १०० युनिट मी पकडली. कोटेशनवर १२० लिहिलेलं असतं, पण हिशोब करताना हात आखडता ठेवलेला बरा. दिवसा जी वीज आपण वापरत नाही ती तारेवरून महावितरणकडे जाते, रात्री आपण त्यांची घेतो, आणि नेट मीटर दोन्हीची नोंद ठेवतो. बिल येतं ते वजाबाकीवर.

आता खरी गंमत. मी ताईंना म्हटलं, तीन किलोवॅटचा एकदम विचार नको करू या. आधी एकच किलोवॅट बसवला असं समजू. मग दुसरा टाकला तर काय, मग तिसरा टाकला तर काय, असं एकेक करून बघू. एक आणि दोन किलोवॅटचे भाव त्या माणसाकडून फोनवर विचारून घेतले. एकला ७०,०००, दोनला १,३०,०००.

पहिला किलोवॅट. ७०,००० मधून अनुदान ३०,००० गेलं, राहिले ४०,०००. सोलारने १०० युनिट दिली, तर ताईंच्या १८० मधून ८० उरली. म्हणजे कुठली युनिट वाचली? वरची, महागडी ८० आधी वाचली, तेरा रुपयेवाली. आणि स्वस्तातली फक्त २०. बचत झाली १,०४० अधिक १४०, म्हणजे १,१८० रुपये महिना. ४०,००० भागिले १,१८०, आले ३४ महिने. तीन वर्षांच्या आतच पैसे मोकळे.

दुसरा किलोवॅट. त्यासाठी किंमत ६०,००० ने वाढते आणि अनुदान ३०,००० ने वाढतं, म्हणजे घरातून आणखी ३०,०००. पहिल्यापेक्षा स्वस्तच पडला, कारण मीटर, वायर, मजुरी हा खर्च एकदाच होतो. पण आता वाचवायला महागडी युनिट शिल्लकच नाहीत. ७ रुपयेवाली ८० युनिट वाचली, त्याचे ५६०. उरलेली २० युनिट जास्तीची, ती महावितरणकडे जमा.

या जमा युनिटचं काय होतं ते नीट बघा. ती पुढच्या महिन्यात वापरता येतात. उन्हाळ्यात जमलेली पावसाळ्यात कामाला येतात, हे चांगलं आहे. पण ३१ मार्चला वर्ष संपलं की जी शिल्लक उरते तिचे पैसे आपण भरतो त्या दराने मिळत नाहीत, खूप कमी दराने मिळतात. मी अडीच रुपये धरले. तेरा रुपयाचं युनिट आणि अडीच रुपयाचं युनिट, दोन्ही एकाच सोलारमधून निघतात.

तर दुसऱ्या किलोवॅटची बचत ५६० अधिक ५०, म्हणजे ६१० रुपये. ३०,००० भागिले ६१०, आले ४९ महिने, चार वर्षांच्या थोडं वर. हेही वाईट नाही.

तिसरा किलोवॅट. किंमत ६५,००० ने वाढते, अनुदान फक्त १८,००० ने. घरातून आणखी ४७,०००. आणि वाचवायला आता काही उरलेलंच नाही! १८० युनिट आधीच भागली. तिसऱ्याची सगळी १०० युनिट जास्तीची, अडीच रुपयाने गेली तर महिन्याला २५० रुपये. ४७,००० भागिले २५०, आले १८८ महिने. ताईंनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बाराने भागून बघितलं. पंधरा वर्षं आणि आठ महिने.

आता मूळ कागदाकडे परत या. तीन किलोवॅटला १,१७,००० आणि एकूण बचत २,०४० रुपये, म्हणजे ५७ महिने, पाच वर्षांच्या आत. एजंटने खोटं सांगितलंच नव्हतं! "पाच वर्षं" बरोबरच होतं. पण त्या पाच वर्षांत पहिल्या किलोवॅटची पावणेतीन-तीन वर्षं आणि तिसऱ्याची पंधरा वर्षं एकत्र कालवली होती. हरभऱ्याच्या पोत्यात वरून चांगला माल दाखवतात तसलंच हे. दोनच किलोवॅट घेतले तर ताईंचे ७०,००० जातात, १,७९० वाचतात, आणि ३९ महिन्यांत पैसे वसूल होतात. तिसऱ्याचे ४७,००० हाताशी राहतात, त्यात एक चांगली म्हैस बघता येते.

यावरून तिसरा किलोवॅट कोणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. ज्यांचा सरासरी वापर २८०-३०० युनिट आहे, त्यांना तोही लवकर फिटतो, कारण त्यांच्याकडे वाचवायला युनिट शिल्लक असतात. आणि वापर वाढणार असेल तर आधीच तो धरावा. ताई म्हणाल्या की पुढच्या वर्षी घरघंटी घ्यायची आहे. एक एचपीची घंटी रोज तासभर चालली तर महिन्याला वीस-बावीस युनिट जास्त लागतील. दोन किलोवॅटमध्ये ताईंची वीस युनिट उरतच होती, ती तिथे बसतील. म्हणजे घंटी धरूनही दोनच पुरे.

उलट ज्यांचा वापर ७०-८० युनिटच आहे त्यांचं बघा. एका बाईचं बिल होतं ७० युनिटचं. तिची सगळी युनिट स्वस्तातली. एक किलोवॅट बसवला तरी बचत ४९० अधिक जास्तीच्या ३० युनिटचे ७५, म्हणजे ५६५ रुपये. ४०,००० वसूल व्हायला ७१ महिने, सहा वर्षं. शेजारणीचं तीन वर्षांत फिटलं म्हणून आपलंही फिटेल असं नसतं. पण शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी महाराष्ट्र सरकारने केंद्राच्या अनुदानावर वेगळं अनुदान ठेवलेलं आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना ते जास्त आहे. अशा ताईंनी आधी महावितरणच्या उपविभाग कार्यालयात आपलं घर त्यात बसतं का ते विचारावं. बसत असेल तर ४०,००० चा आकडा बराच खाली येतो आणि हिशोब पुन्हा करावा लागतो.

आता पैसे आणायचे कुठून, हा भाग. इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली.

अनुदान आधी मिळत नाही. सोलार बसतं, महावितरणची माणसं येऊन तपासतात, नेट मीटर लागतं, मग पोर्टलवर अनुदानाची मागणी जाते आणि त्यानंतर पैसे खात्यात येतात. तोपर्यंत दुकानदाराला पूर्ण १,३०,००० द्यायचे असतात. म्हणजे हिशोबात ७०,००० असले तरी उभे करायचे १,३०,०००.

ताईंचा विचार गटातून २ टक्के महिना दराने घेण्याचा होता. अनुदान आल्यावर ६०,००० परत केले असं धरू. राहिले ७०,०००. त्याचं पहिल्या महिन्याचं व्याज होतं १,४००. आणि सोलारने वाचतात १,७९०. म्हणजे मुद्दलातून फिटले फक्त ३९०! वाचलेला प्रत्येक रुपया कर्जात भरला तरी हे कर्ज फिटायला ७७ महिने लागतात. ३९ महिन्यांचे जवळजवळ साडेसहा वर्षं झाले. वर अनुदान यायला उशीर झाला तर त्या ६०,००० चं व्याज महिन्याला १,२०० वेगळं.

व्याज गटातच राहतं, ते आपलंच असतं, हे मला मान्य आहे. पण ताईंच्या घराचा हप्ता त्यांच्याच घरातून जाणार आहे, आणि गटाचे एवढे पैसे एकीकडे अडकले की दवाखान्यासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला थांबावं लागतं.

सूर्यघर योजनेसाठी बँका तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आतलं कर्ज तारण न घेता देतात. व्याज साधारण सहा-सात टक्के, तेही वर्षाचं. सात टक्क्याने ७०,००० धरले तर तोच हिशोब ४५ महिन्यांत संपतो, म्हणजे पावणेचार वर्षं. बँकेत चार खेपा माराव्या लागतील, पण ७७ आणि ४५ मधलं अंतर त्या खेपांपेक्षा मोठं आहे. एक मात्र करा. अनुदान खात्यात आलं की त्याच आठवड्यात कर्जात भरा. ते पैसे शाळेच्या फीला किंवा लग्नाला गेले, तर हप्ता १,३०,००० चाच राहतो.

कागदपत्रांत अडकणारी एक गोष्ट आमच्या तालुक्यात मी वारंवार बघते. मीटर सासऱ्यांच्या नावावर असतं, आणि सासरे जाऊन दहा वर्षं झालेली असतात. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच खात्यात येतं. नाव बदलून घेतल्याशिवाय दुकानदाराला आगाऊ रुपयाही देऊ नका. सचिवताईंचंही इथेच अडलं होतं. दुकानदार pmsuryaghar.gov.in या पोर्टलवर नोंदलेला हवा, आणि पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे हवेत. स्वस्तात मिळतात म्हणून बाहेरचे पॅनल घेतले की अनुदान बाद. मग ३९ महिन्यांच्या जागी १,३०,००० भागिले १,७९०, म्हणजे ७३ महिने.

अजून एक गैरसमज. लाईट गेली की हे सोलारही बंद पडतं, भर उन्हातही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. बॅटरी घेतली तर चालेल, पण बॅटरीचा खर्च वरच्या कुठल्याच आकड्यात धरलेला नाही. लोडशेडिंगसाठी सोलार घेत असाल तर हा हिशोब तुमचा नाही.

बसवल्यावर हिशोब खरा ठरतोय का, ते इन्व्हर्टरवर कळतं. त्यावर आजची युनिट दिसतात. दोन किलोवॅटला स्वच्छ उन्हाच्या दिवशी आठच्या आसपास दिसायला हवीत. मार्च-एप्रिलमध्ये आकाश निरभ्र असताना पाच-सहाच दिसत असतील तर आधी धूळ बघा. मळणीच्या दिवसांत आणि कच्च्या रस्त्याकडेच्या घरांत पॅनलवर थर बसतो. सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने धुवा. धुऊनही वाढलं नाही तर सावली बघा. नारळाची झावळी किंवा शेजाऱ्याची नवीन टाकी, एका पॅनलवर पडली तरी उत्पादन चांगलंच घसरतं. तेही नसेल तर दुकानदाराला बोलवा. पहिली पाच वर्षं देखभाल त्याच्याच माथी आहे, आणि ते करारात लिहिलेलं असतं. पाच वर्षांनंतरचा खर्च आपला. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, पण इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही, मध्ये एकदा बदलावा लागतो. म्हणून "पुढची वीस वर्षं फुकट" हेही ताईंनी कागदावर पेनाने खोडलं.

ताईंनी दोन किलोवॅट ठरवलं आहे. मीटर यजमानांच्या नावावर करायचा अर्ज गेल्या सोमवारी दिला, बँकेचा फॉर्म आणला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा कागद आला असेल तर पुढच्या मासिक बैठकीला येताना तो, वर्षभराची बिलं, आणि एक, दोन, तीन अशा प्रत्येक किलोवॅटचा वेगळा भाव लिहून आणा. एकच भाव सांगत असेल तर उरलेले दोन मागून घ्या. कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे.